ते वाक्य घेऊ की गाळू?

*ताई, मी कनिष्ठ लिपिक, नोकरीत नवीन. इतिवृत्त लिहायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं आणि नेमकं त्याच बैठकीत वाजलं. विषय नोंदखोलीच्या कपाटांचा. लेखाधिकारी म्हणाले, "एकाच पुरवठादाराचं दरपत्रक आणता, यात कुणाचं तरी भलं दिसतंय." भांडारप्रमुख तावातावानं उठले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा दरपत्रकं मागवा, पंधरा दिवसांत बघू," आणि विषय संपला. बाहेर पडताना लेखाधिकारी म्हणाले, ते वाक्य घेऊ नकोस. संध्याकाळी भांडारप्रमुखांचा फोन, शब्द न् शब्द घे. दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी वरचे. मी काय करू?*
*— गोंधळलेली*

अगं, तू ज्या वाक्यानं हैराण झाली आहेस, त्यापेक्षा मला दुसऱ्याच वाक्याची काळजी वाटते. अध्यक्षांचं ते "पंधरा दिवसांत बघू". दरपत्रकं कोण मागवणार? भांडार विभागच, की आता लेखा विभागही सोबत असणार? पंधरा दिवसांत दरपत्रकं यायला हवीत, की पुन्हा प्रस्ताव ठेवायचा आहे? सहा महिन्यांनी कुणी ही फाइल उघडेल ते कपाटांचं काय ठरलं हे बघायला, आणि त्याला उत्तर मिळणार नाही. ही जागा तू अंदाजानं भरलीस तर निर्णय अध्यक्षांचा न राहता तुझा होईल.

आता ते भांडण. एरवी, कोण काय बोललं याच्या शब्दशः नोंदीची इतिवृत्तात गरज नसते. विषय काय होता, कोणती हरकत आली, काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं यायला हवं. लेखाधिकाऱ्यांच्या बोलण्याचे दोन तुकडे कर. एकच दरपत्रक आहे, ही हरकत. ती घ्यायचीच, कारण निर्णय तिच्यामुळेच फिरला. कुणाचं तरी भलं दिसतंय, हा टोमणा. त्यावर बैठकीत काही ठरलं नाही, म्हणून तो गाळायचा. म्हणजे दोघांचंही तू पूर्ण ऐकत नाहीस. मसुदा साधारण असा होईल:

"विषय क्र. ३ : नोंदखोलीसाठी कपाटांची खरेदी. भांडारप्रमुखांनी एका पुरवठादाराचे दरपत्रक सादर केले. एकाच दरपत्रकावर खरेदी करण्यास लेखाधिकाऱ्यांनी हरकत घेतली. चर्चेअंती नव्याने दरपत्रके मागवण्याचा निर्णय अध्यक्षांनी दिला. कार्यवाही : (रिकामे). मुदत : (रिकामे)."

क्रियापदं जपून वापर, नवशिक्यांची गडबड तिथेच होते. भांडारप्रमुखांनी बाकीच्या पुरवठादारांनी दर दिले नाहीत असं सांगितलं असेल, तर "सांगितले" एवढंच लिही. "कबूल केले" लिहिलंस तर ते दोषी ठरतात, "स्पष्ट केले" लिहिलंस तर त्यांचं म्हणणं तुला पटलं असं दिसतं. "आरोप केला", "संतापून" हे शब्दही नकोत. आणि कृपा करून "बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" असं शेवटी चिकटवू नकोस. हजर असलेले सगळे हसतील.

एक अपवाद आहे. बैठक चालू असताना कुणी "माझा विरोध नोंदवा" म्हटलं असेल किंवा अध्यक्षांनीच एखादं विधान जसंच्या तसं घ्यायला सांगितलं असेल, तर ते नावानिशी येतं. संध्याकाळच्या फोनवरची मागणी त्यात बसत नाही.

मसुदा आधी अध्यक्षांकडे ने, या दोघांकडे नाही. सोबत एका ओळीत विचार: "विषय ३ मधील कार्यवाही कोणाकडे व मुदत कोणती, कृपया कळवावे." उत्तर तोंडी मिळालं तर मसुद्यावरच त्यांच्या हातून लिहून घे. दोघांचे निरोप आले होते, हेही त्यांच्या कानावर घाल. लपवलंस आणि नंतर बाहेर आलं तर तू कुणाच्या तरी बाजूची ठरशील. तरीही ते वाक्य घ्यायचं असं अध्यक्ष म्हणाले, तर घे. तो अधिकार त्यांचा.

भांडारप्रमुखांचा पुन्हा फोन आला तर सरळ सांग: "सर, मसुदा अध्यक्षांकडे दिलाय. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करायला येईल, तेव्हा आपल्याला दुरुस्ती सुचवता येईल." त्या टोमण्याबद्दल त्यांना तक्रार करायची असेल तर ती वेगळ्या पत्रानं अध्यक्षांकडे जायला हवी, तुझ्या कागदातून नव्हे. लेखाधिकाऱ्यांनाही हेच उत्तर दे, आणि तेही त्याच सुरात.

टिपणवहीतली ती पानं मात्र फाडू नकोस. इतिवृत्त कायम होईपर्यंत ती तुझ्याकडे असू देत, पुढे तुमच्या कार्यालयाचा जो नियम असेल तो. आणि मसुदा आजच लिहून काढ. आणखी दोन दिवस गेले की कोण काय म्हणालं हे तुलाही त्या दोघांच्या तोंडून आठवायला लागेल.

— ताई