सिमेंटच्या बॅगा जास्त गेल्या? आधी टेप काढ

भाऊ, कॉन्ट्रॅक्टरवर आत्ताच चिडू नको. बेसाला आमच्या शेजारच्या नव्या जोडप्याचंही हेच झालं, ६०० स्क्वेअर फूट स्लॅब, पाच इंची, एम-२० ला घनमीटरमागे साधारण ८ बॅगा धरून एस्टिमेट ५७ चं (बीमचं वेगळं) अन् संध्याकाळी रिकाम्या बॅगा निघाल्या ६८, दोघांनी दोनदा मोजल्या, ती म्हणे चोरी झाली. अगं, चोर रिकामी बॅग ठेवून जातो का! डक्टच्या कडेला टेप लावला तर स्लॅब सहा इंच, सेंट्रिंगच इंचभर खाली बांधलेलं, ११ बॅगा तिथंच गेल्या.

तू सध्या दोनच गोष्टी कर:
- रिकाम्या बॅगा त्याच दिवशी मोज, नंतर त्या विकल्या जातात.
- ढलाईआधी सेंट्रिंगपासून लेव्हलच्या दोरीपर्यंत चार-पाच ठिकाणी टेप लाव.

बीमचा हिशोब नंतर सांगतो.