पहिल्या फुल लोडची वेळ आधी कागदावर काढ

भाऊ, जळगावच्या पतपेढीचा ६०० जीबी डेटाबेस पुण्याच्या सर्व्हरवर न्यायचा, तर आधी लाइनचा अपलोड वेग विचार. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. समजा, १०० एमबीपीएस आहे. हे मेगाबिट आहेत, त्यामुळे आठने भाग: सेकंदाला १२.५ मेगाबाइट. या हिशेबाने ६०० जीबीला १३ तास २० मिनिटं लागतील. पण यावर विंडो, म्हणजे या कामासाठी राखून ठेवलेली वेळ, मागू नकोस. लाइन पूर्ण वेगाने क्वचितच मिळते, आणि पुष्कळदा लाइन मोकळी असूनही जुन्या सर्व्हरची डिस्क मागे पडते.

म्हणून ज्या वेळी खरा लोड चालवायचा त्याच वेळी, रात्री, २० जीबीचं एक टेबल पाठवून बघ. त्याला ४५ मिनिटं लागली, तर ६०० जीबीला तीसपट, म्हणजे साडेबावीस तास. त्यावर इंडेक्स बांधणं आणि ओळींची मोजणी जुळवणं वेगळं. हे लोक हमखास विसरतात. शनिवारी रात्री १० ते सोमवारी सकाळी ८ हे ३४ तास मागितलेस तर जमेल.

सुरू झाल्यावर तीन तासांनी बघ. साधारण ८० जीबी पोचलेला हवा. ५० च असेल तर एकूण ३६ तास लागणार, म्हणजे विंडो पुरणार नाही. थांबवायचं की सोमवारची वेळ वाढवून घ्यायची, ते त्याच रात्री मॅनेजरसाहेबांना विचार.