भावाच्या कुष्ठरोगावरच्या एमडीटी गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे आणि जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजलेत. गोळ्या बाधल्या का? बंद कराव्यात?

बंद करू नका, आणि आज-उद्याच त्याला कुष्ठरोग बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

माझी आई निपाणीत बिड्या वळायची. दंडावर बधिर चट्टा होता, बारा महिन्यांची पाकिटं सुरू झाली. चौथ्या-पाचव्या महिन्यात चट्टा लालभडक होऊन फुगला आणि रात्री कोपरातून करंगळीपर्यंत कळा येऊ लागल्या. थोरले काका म्हणाले, "औषध उष्ण पडलं." घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. पाकीट फळीवर गेलं. कळा थोड्या कमी झाल्या, सगळ्यांना बरं वाटलं. पण दोन महिन्यांत आईला बिडीचं तोंड मुडपता येईना. करंगळी आणि शेजारचं बोट वाकून बसलं.

ती औषधाची उष्णता नव्हती. जंतू मरत असतात, आणि शरीर त्यांच्यावर एकदम तुटून पडतं. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. ही लढाई नसेच्या आतही चालते. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीतली नस सुजली की तिला फुगायला जागाच नसते, म्हणून ती दबून मरते. कळ कमी झाली म्हणजे नस बरी झाली असं नाही. कधी कधी नस अजिबात न दुखताही जाते.

म्हणून भावाला तळहात वर करून ठेवायला सांगा, करंगळी बाहेर ताणून धरू द्या आणि तुम्ही ती आत ढकला. दोन्ही हातांची तुलना करा. पाऊल वर उचलता येतं का, डोळे घट्ट मिटतात का, हेही बघा. कुठे जोर कमी वाटला, तर ते चट्ट्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

यावर औषध म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. आईला रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी कमी करत नेलं, कोपर झोळीत ठेवलं आणि एमडीटीही पुन्हा चालू केली. बळ गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड मिळालं तर ते परत येण्याची आशा असते. आईचं शेजारचं बोट सरळ झालं, करंगळी मात्र राहिली. काका अजून म्हणतात, रोगच वाईट होता. मी म्हणतो, ते दोन महिने वाईट होते.

प्रेडनिसोलोन दुकानातून आपल्या मनाने आणू नका. साखर, बीपी, टीबी तपासूनच ते देतात. रिअ‍ॅक्शन गोळ्या संपल्यावरही येऊ शकते, तेव्हा करंगळीची परीक्षा पुढेही करत राहा.

एक राहिलं. ताप, अंगभर खाजरं पुरळ, कातडी सोलणं किंवा डोळे पिवळे होणं असं असेल, तर ती एमडीटीतल्या डॅप्सोन या गोळीची अ‍ॅलर्जी असू शकते. ती बहुधा पहिल्या दोनेक महिन्यांत दिसते. तेव्हा मात्र गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. काकांचं म्हणणं एवढ्याच बाबतीत खरं ठरलं असतं.