मसाल्यांच्या ब्रँडसाठी ए प्लस कंटेंट: तक्ता आधी, गोष्ट नंतर

प्रश्न: आमचा मसाल्याचा ब्रँड अ‍ॅमेझॉनवर नोंदवून झाला. कांदा-लसूण, गोडा आणि मालवणी हे तीन मसाले सगळ्यात जास्त खपतात. त्यांच्या पानांवर तुलनेचा तक्ता आणि थोडक्यात आमची गोष्ट टाकायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

कोल्हापूर भागातल्या एका मसालेवाल्या कुटुंबासाठी मी हेच काम केलं आहे, तेही जवळजवळ याच तीन मसाल्यांचं. तेव्हा जे केलं आणि जे चुकलं, ते सांगते. उत्पादनाच्या पानावर चित्रं, तक्ता आणि मजकूर लावायच्या या सोयीला पूर्वी विक्रेत्यांसाठी एनहान्स्ड ब्रँड कंटेंट म्हणत, आता ए प्लस कंटेंट म्हणतात. जुने व्हिडिओ बघताना दोन्ही नावं दिसतील, गोष्ट एकच आहे.

फोटोग्राफर बोलावण्याआधी तिन्ही मसाल्यांचे दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वहीत उतरवून काढा. एक तारावाले बहुतेक फुटलेल्या पाकिटाबद्दल बोलतात. मधले ग्राहक मात्र नेमकी गफलत कुठे झाली ते सांगतात. आमच्याकडे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. बाहेरच्या राज्यातल्या ग्राहकाला कांदा-लसूण मसाला म्हणजे नुसती कांद्या-लसणाची पूड वाटली होती, आणि भाजी जाळ तिखट झाली. कुणी गोडा मसाला गोड असेल म्हणून घेतला. कांदा-लसूण न खाणारे लोक तर प्रत्येक मसाल्याखाली तोच प्रश्न विचारत होते. तक्त्याच्या ओळी यातूनच निघाल्या.

आमचा पहिला कच्चा तक्ता वेगळा होता. त्यात ‘घरगुती’, ‘ताजा’, ‘कृत्रिम रंग नाही’ अशा ओळी होत्या आणि तिन्ही मसाल्यांपुढे बरोबरच्या खुणा. दिसायला भरगच्च, पण ग्राहकाला तो कशातच मदत करत नव्हता. ज्या ओळीत सगळ्या रकान्यांत एकच उत्तर येतं ती ओळ काढून टाका. उरलेला तक्ता असा झाला:

| | कांदा-लसूण | गोडा | मालवणी |
|---|---|---|---|
| कशात घालायचा | रस्सा, उसळ, पिठलं | आमटी, भरली वांगी, मसालेभात | मासे, चिकन, काळ्या वाटाण्याची उसळ |
| तिखटपणा (5 पैकी) | 5 | 1 | 4 |
| कांदा-लसूण आहे का | आहे | नाही | नाही |
| वेगळं तिखट लागतं का | नाही | हो, चवीप्रमाणे | सहसा नाही |
| चार जणांसाठी | 2 चमचे | 1 ते दीड चमचा | 2 चमचे |

तुमच्या मसाल्याचे आकडे वेगळे असतील. ते अंदाजाने भरू नका, घरी एकदा त्या मापाने भाजी करून बघा. कांदा-लसणाच्या ओळीबद्दल तर विशेष काळजी घ्या. एकाच डंकावर तिन्ही कांडत असाल आणि मधे तो नीट साफ होत नसेल, तर ‘नाही’ लिहिण्याआधी ती व्यवस्था बदला. त्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी ते पाकीट घरात आणणार आहे.

तक्ता फक्त स्वतःच्या उत्पादनांचा करायचा. दुसऱ्या ब्रँडशी तुलना केलेली चालत नाही, नाव न घेता केलेली सुद्धा. प्रत्येक रकान्यात त्या उत्पादनाचा ASIN, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा उत्पादन क्रमांक, भरला की त्यावरून ग्राहक थेट त्या पानावर जातो. म्हणून जो मसाला वारंवार संपतो तो तक्त्यात ठेवू नका. आणि तिन्ही पानांवर तोच तक्ता लावला तरी ज्या पानावर तो आहे तो मसाला पहिल्या रकान्यात घ्या, ग्राहक त्याच्याच शोधात आलेला असतो. फोनवर तक्ता आडवा सरकवावा लागतो, त्यामुळे पहिले दोन रकानेच खरे वाचले जातात असं धरून चाला.

आता गोष्ट. घरच्यांनी मला पानभर मजकूर दिला होता: आजीची चव, तीन पिढ्या, मातीशी नातं. प्रेमाने लिहिलेला होता, पण तो कुठल्याही मसाल्याच्या पाकिटावर बसला असता. मग मी त्यांच्याकडे दोन दिवस कांडप बघितलं आणि कांदा-लसूण मसाल्यासाठी चारच वाक्यं ठेवली:

‘ब्याडगी मिरची रंग देते, संकेश्वरी झणका. दोन्ही कडक उन्हात वाळवतो. कांदा उभा चिरून, वाळवून तेलात खरपूस तळतो आणि मग सगळं डंकावर कांडतो. डबा उघडल्यावर पहिला वास येतो तो त्या तळलेल्या कांद्याचा.’

यात गोष्ट आहे आणि प्रत्येक वाक्य ग्राहकाची एकेक शंका फेडतं: रंग कशाचा, तिखट किती, ही नुसती पूड का नाही. पण तुम्ही खरंच जे करता तेच लिहा. मिरची यंत्रात वाळवत असाल तर उन्हाचं वाक्य येणार नाही. मजकूर इंग्रजीत द्यायचा असला तरी आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजी करताना ‘झणका’ला शब्द शोधत बसू नका, ‘खूप तिखट’ एवढंच सरळ लिहा.

साध्या ए प्लसमध्ये पाच भाग लावता येतात, आम्ही चारच वापरले. वर कांडपाचा मोठा फोटो, त्याखाली ही चार वाक्यं, मग तक्ता, शेवटी एका पदार्थाची कृती तीन फोटोंत. वरचं चित्र 970 × 600 पिक्सेलचं असतं आणि फोनवर ते साधारण 360 रुंदीत आकसतं. म्हणजे चित्रावर 30 पिक्सेल उंचीचं अक्षर असेल तर फोनवर ते जेमतेम 11चं उरतं. आमची पहिली चित्रं संगणकावर सुंदर दिसत होती आणि फोनवर त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मजकूर चित्रात न घालता खालच्या मजकुराच्या चौकटीत घालते, आणि मंजुरीला पाठवण्याआधी चित्र स्वतःच्या फोनवर उघडून बघते.

मंजुरीला सात कामाचे दिवस लागू शकतात, म्हणून सणाच्या तोंडावर पाठवू नका. माझा पहिला मसुदा परत आला होता, कारण मीच त्यात ‘सर्वाधिक खपाचा’ आणि एका ग्राहकाचं कौतुकाचं वाक्य घातलं होतं. किंमत, सूट, फोन नंबर, ‘पैसे परत’, ‘पचनाचे विकार बरे करतो’ यातलं काहीच चालत नाही. चित्रातली अक्षरंही तपासली जातात, पाकिटावर छापलेला ‘1 नंबर’ फोटोत दिसला तरी अडकू शकतं.

फरक पडला का, हे विक्रीच्या एकूण आकड्यावरून ठरवू नका. मसाल्याची विक्री हंगामाने तशीही हलते. बिझनेस रिपोर्टमध्ये Unit Session Percentage बघा: 400 भेटींत 24 नग गेले तर 6 टक्के. आधीचे आठ आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे घ्या, मधल्या काळात किंमत, पहिला फोटो आणि जाहिरात बदलू नका. पानावर पुरेशी वर्दळ असेल तर Manage Your Experiments मध्ये जुनं आणि नवं एकाच वेळी चालवता येतं, तेव्हा हंगामाचा प्रश्नच राहत नाही.

मी मात्र टक्केवारीच्या आधी नवे तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचते. आमच्याकडे ‘गोडा मसाला गोड नाही’ ही तक्रार यायची थांबली आणि कुणीतरी ‘आमटीला दीड चमचा जरा जास्त होतो’ असं लिहिलं. मी तक्त्यात तो आकडा 1 केला.