पहिल्याच लढाईत विझार्ड गेला तर?

*ताई, येत्या शनिवारी मी पहिल्यांदाच डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवणारे. चार प्लेअर, सगळे लेव्हल १, आधी कोणीच खेळलेलं नाही. राज्याचा इतिहास वगैरे धरून १८ पानं लिहिलीयेत. सुरुवातीला रस्त्यात चार गॉब्लिन हल्ला करतात, मग पर्सेप्शनचा रोल जमला की गुहेकडे जाणारी पायवाट दिसते. कुठे गडबड होईल? — धास्तावलेला डीएम*

अरे धास्तावलेल्या, ती १८ पानं जपून ठेव, शनिवारी त्यातलं अर्धं पान लागेल. गडबड त्या पानांत नाहीये, ती तुझ्या चार गॉब्लिनमध्ये आणि त्या एका रोलमध्ये आहे.

आधी गॉब्लिन. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत एका गॉब्लिनचे ५० एक्सपी, चारांचे २००, पण शत्रू तीन ते सहा असले की हिशोबात दुप्पट धरायचे, म्हणजे झाले ४००, आणि लेव्हल १च्या चार जणांसाठी ‘डेडली’ची रेघ बरोब्बर ४००वरच आहे. कागदावर किरकोळ वाटणारी लढाई पार टोकाची निघते ती अशी. त्यात तुझा विझार्ड, कॉन्स्टिट्यूशन १२ असेल तर त्याचे एचपी ७. गॉब्लिनचा बाण १डी६+२, फाशावर २० पडला की फासे दोन, म्हणजे सरासरी ९, गडी आडवा. आणि दोन्ही फाशांवर सहा-सहा आले तर १४, सातात शून्यावर आला आणि उरलेले सात त्याच्या पूर्ण एचपीइतकेच, म्हणजे डेथ सेव्हसुद्धा नाही, जागेवर खलास. असं क्वचितच होतं, मान्य, पण ज्याने अख्खा आठवडा कॅरेक्टर बनवण्यात घालवलाय त्याला क्वचित म्हणून काय समजावणार तू?

म्हणून समोर दोनच गॉब्लिन ठेव आणि तिसरा झाडामागे तुझ्या खिशात. दबा धरून हल्ला नको, गॉब्लिनचं स्टेल्थ +६ असतं, नवखे प्लेअर सरप्राइजमध्ये अडकतात आणि पहिली फेरी नुसती बघत बसतात. रस्त्यात उभे राहून ओरडू देत, ‘गाडी ठेवा नि चालते व्हा’. मग दुसऱ्या फेरीत बघ, दोघांपैकी एक पडला असेल आणि आपल्या लोकांना फारसं लागलं नसेल तर तिसरा बाहेर काढ, कोणी आडवं झालं असेल तर तो बाहेर येतच नाही, सरळ पळतो. हे काय करायचं ते फासे टाकायच्या आधी ठरव हं, पडलेला आकडा मागाहून बदलायचा नाही, मी तर सगळे रोल टेबलावर उघडे करते, एकदा खोटा आकडा पकडला गेला की पुढे कोणी घाबरतच नाही.

आता तो रोल. पायवाटेला तू डीसी १५ ठेवली असशील आणि प्लेअरला +३ असेल तर फाशावर १२ किंवा वर लागतं, म्हणजे शंभरातून ४५ वेळा जमणार. आणि नाहीच जमलं तर? माझ्या पहिल्या सेशनला गुप्त दार असंच रोलमागे होतं, चौघांचेही रोल पडले, पुढची चाळीस मिनिटं ते लोक भिंती ठोकत होते आणि एकजण तर तसबिरीची उलटतपासणी घेत बसला, मी नुसती पाणी पीत होते. तेव्हापासून ज्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही ते मी रोलमागे ठेवत नाही.

तुझा तिसरा गॉब्लिन इथेच कामाला येतो. लढाईत आला असेल तरी शेवटी त्याला पळव, निंबल एस्केपमुळे तो बोनस अ‍ॅक्शनमध्ये डिसएंगेज करतो, त्यामुळे निघताना मागून फटका बसत नाही. चिखलात पावलं उमटतील, ती दिसतातच, विचारायचंच नाही. आणि पळता पळता बाणाने पडलाच तर त्याची येतानाची पावलं आहेतच की. रोल ठेव तो गुहेपाशी कसे पोचतात याचा. जमला तर पहारेकरी पेंगतोय आणि दारातली दोरी आधीच दिसते, फसला तरी पोचतात, फक्त आत घंटा वाजलेली असते. नाही जमलं तरी काहीतरी घडलंच ना!

वेळेचं बघ, नवख्यांची एकेक फेरी दहा-पंधरा मिनिटं खाते, त्यामुळे तीन तासांत ही लढाई, पायवाट आणि गुहेचं तोंड एवढंच होईल. शेवटची वीस मिनिटं उरली की नवीन खोली उघडू नकोस. गुहेच्या दारात थांबव आणि ‘पुढच्या वेळी आधी काय करणार’ ते चौघांनाही विचारून लिहून घे, आतली फक्त तेवढीच खोली तयार करायची. आणि हो, विझार्डवाल्याला आधीच सांग, मागे उभा राहा रे बाबा.