बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड उकळून जातं का?

प्रश्न: यवतमाळकडे शेतातल्या बोअरच्या पाण्यात लिटरला ३.२ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. उकळून किंवा कँडल फिल्टरने जाईल का? आर्सेनिकचंही तसंच का?

दोन्हींनी जाणार नाही. उकळल्याने उलट वाढतं: १० लिटर आटून ८ झालं, की ३.२ चं ४ होतं. कँडल गाळ अडवते, विरघळलेलं फ्लोराइड नाही. यूव्ही फक्त जंतू मारतो.

भारतीय मानकात मर्यादा १ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यावरचं पाणी लहानपणी पोटात गेलं तर पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं ३-४ चं पाणी प्यायल्यास सांधे, पाठ आखडू शकतात.

घरी आरओ चालतो. पडदा चांगला असेल तर बहुतेक फ्लोराइड निघतं. मात्र चव वाढवायला त्यात कच्चं पाणी मिसळणारा नॉब असतो, तो बंद ठेवा. दुसरा उपाय सक्रिय अॅल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारा दाणेदार पदार्थ. पाणी जास्त अल्कधर्मी असेल तर तो कमी धरतो. त्याची धरण्याची क्षमता संपली तरी पाण्याची चव-रंग बदलत नाही, म्हणून बाहेरचं पाणी महिन्याला तपासा. फ्लोराइड १ च्या पुढे गेलं की अॅल्युमिनाचं पुनरुज्जीवन करा, म्हणजे ती क्षमता परत आणा, किंवा तो बदला.

आर्सेनिकही उकळून जात नाही. ते मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात सापडतं, मर्यादा ०.०१. तळहात-तळपाय खरखरीत होतात, कातडीवर डाग पडतात, पुढे कर्करोगाचा धोका. त्याचं भूजलातलं त्रिसंयुजी रूप विद्युतभाररहित असल्याने अॅल्युमिना, आरओ दोन्हींतून बरंच निसटतं. आधी क्लोरीनने ऑक्सिडीकरण करा, मग लोहयुक्त माध्यमातून गाळा.