ओठांवरचं गाणं आणि न दिलेलं उत्तर

सिनेमात नायक-नायिका एकमेकांसमोर उभे असतात, आजूबाजूला कुणी नसतं. मग सरळ मनातलं बोलून मोकळे का होत नाहीत? गाणं कशाला?

कारण बोललेल्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. सिनेमातला संवाद हा कथेतल्या माणसांनी ऐकलेला असतो. नायकाने 'माझ्याशी लग्न कर' म्हटलं की नायिकेला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि पुढचा प्रसंग त्या उत्तराला बांधला जातो. गाण्यातल्या शब्दांना ही सक्ती नाही. दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही, 'काल तू गाताना असं का म्हणालास?' नातं मात्र पुढे सरकलेलं असतं.

विजय आनंद यांच्या 1965 सालच्या 'गाईड'मधलं 'तेरे मेरे सपने' बघा. रोझी मार्कोची बायको आहे, त्याच्यापासून तुटून आलेली आहे, मनाने थकलेली आहे. राजू तिला साथ द्यायचं वचन देतो आहे. हा प्रसंग संवादात लिहिला असता तर रोझीच्या तोंडी काय घालणार? विवाहित बाईने परपुरुषाला 'हो' म्हणायचं, तर त्या काळच्या प्रेक्षकाने तिथेच तिचा निकाल लावला असता. 'नाही' म्हटलं तर कथा संपली. म्हणून गातो तो एकटा, रफींच्या आवाजात, आणि ती एक अक्षर बोलत नाही. मोजक्याच लांबलांब शॉट्समध्ये ते गाणं घेतलं आहे. ती दूर सरकते, तो अंतर राखून गात राहतो, ती परत वळते. तिचं उत्तर तिच्या चालण्यात आहे.

आणि इथे मुखड्याचं काम नीट बघायला हवं. प्रत्येक अंतऱ्यानंतर तीच ओळ परत येते. बोलताना माणसाने एकच वाक्य तीन-चारदा म्हटलं तर तो हट्ट वाटतो, समोरच्याला त्रास वाटतो. गाण्यात ओळ परत येणं हा नियमच आहे, त्यामुळे तीच विनवणी पुन्हा करता येते आणि राजू लोचट वाटत नाही. ओळ बदललेली नसते, ऐकणारीचा चेहरा बदललेला असतो. पहिल्या मुखड्याला ती अविश्वासाने ऐकते, शेवटच्या मुखड्याला त्याच्या जवळ असते. स्थिर ओळ आणि बदलता चेहरा यांची अशी जोडी साध्या संवादात बांधणं फार अवघड आहे.

हे सगळं आपण परदेशी ऑपेरावरून घेतलं का?

नाही. ऑपेरात बहुतेक सगळंच गायलं जातं. आपल्याकडे आधी गद्य, आणि गद्य पुरेनासं झालं की पद, अशी रीत आहे. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आलं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, आणि मराठी प्रेक्षकाला ही रीत पक्की ठाऊक झाली. पारशी कंपन्यांच्या नाटकांतही गाणी होतीच. 1931 साली 'आलम आरा' बोलू लागला तो सात गाण्यांसकट. नट, संगीतकार आणि प्रेक्षक हे तिघेही रंगभूमीवरूनच आलेले होते. त्यांच्या दृष्टीने बिनगाण्याची प्रेमकथाच चमत्कारिक ठरली असती.

गाणं लागलं की मी पुढे ढकलते. कथा थांबते असंच वाटतं. चांगलं गाणं ओळखायचं कसं?

एक साधी कसोटी आहे. गाणं सुरू होण्याआधी थांबवा आणि कागदावर एक वाक्य लिहा: या क्षणी या दोघांचं एकमेकांशी नातं काय आहे? गाणं संपल्यावर पुन्हा एक वाक्य लिहा. दोन्ही वाक्यं सारखीच असतील तर त्या गाण्याने कथा खरंच थांबवली, तुम्ही ढकललंत ते बरोबर केलंत. वाक्यं वेगळी असतील तर गाणं गाळल्यावर पुढचा प्रसंग कळणार नाही.

अशी गाणी कमी नाहीत की जी दोन्ही टोकांना सारखीच असतात. बहुधा चूक पटकथेत असते. दोघांचं प्रेम संवादात आधीच कबूल झालेलं असतं आणि गाणं फक्त त्याचा आनंद साजरा करतं. चाल कितीही गोड असली तरी बघणारा चुळबुळ करतो, कारण त्याला नवीन काहीच कळत नाही. कबुलीचा संवाद काढून टाकला आणि ते काम गाण्यावर सोपवलं, तर तेच गाणं उभं राहतं.

'गाईड' याच कसोटीवर पुन्हा लावून बघा, आणि या वेळी फक्त एवढं टिपा की कोण गातंय. 'आज फिर जीने की तमन्ना है' रोझी एकटी गाते. ते गाणं मुखड्याने सुरूच होत नाही, थेट अंतऱ्याच्या ओळीने सुरू होतं. काट्यांतून पदर सोडवून घेतल्याचं आधी सांगितलं जातं आणि जगण्याची इच्छा नंतर येते. कारण आधी, परिणाम मागून. चालीची नेहमीची मांडणी उलटी केल्यामुळे बाई बंधन तोडून धावत सुटल्याचा भास होतो. नंतर 'तेरे मेरे सपने', तो एकटा. 'पिया तोसे नैना लागे रे' आठ मिनिटांच्या आसपास चालतं आणि तेवढ्यात रोझी प्रसिद्ध नर्तकी होते. मंच बदलतात, वेश बदलतात, ऋतू आणि सण येऊन जातात. एवढं यश प्रसंगांतून दाखवायचं म्हटलं तर अर्धा तास लागला असता.

मग राजूने रोझीची खोटी सही केल्याचं प्रकरण होतं, नातं फाटतं, आणि 'मोसे छल किये जाए' व 'क्या से क्या हो गया' ही दोन गाणी एकाला लागून एक येतात. आधी ती, मग तो. दोघंही फसवणुकीचीच तक्रार मांडतात, पण वेगळ्या गाण्यांत, एकमेकांचं न ऐकता. या सिनेमात दोघांनी मिळून गायलेलं गाणं एकच आहे, 'गाता रहे मेरा दिल'. इतर वेळी राजूला रफींचा आवाज आहे, या एका ठिकाणी किशोरकुमारांचा. म्हणजे दोघांचे सूर खरोखर जुळले ते तेवढ्यापुरतेच. संवाद पूर्ण बंद करून नुसती गाणी ऐकली तरी हे लग्नाविनाचं नातं कुठे जुळलं आणि कुठे तुटलं ते कळतं. मला ही पटकथेची फार मोठी करामत वाटते.

एका ओळीत बाग आणि पुढच्या ओळीत बर्फ, साडीही वेगळी. हे कुणाला खटकत नाही का?

चाल अखंड असते म्हणून खटकत नाही. डोळ्यांना तुकडे दिसतात, पण ताल तुटत नाही, त्यामुळे कान ते एकसंध धरून ठेवतात. मात्र बदल मधल्या वाद्यांच्या तुकड्यावर किंवा समेवर झाला पाहिजे. शब्दाच्या मध्येच जागा बदलली की लगेच टोचतं.

गाणं आधी रेकॉर्ड होतं असं म्हणतात. मग संथ गतीच्या शॉटमध्येसुद्धा ओठ बरोबर कसे जुळतात?

सुरुवातीच्या बोलपटांत नटच कॅमेऱ्यासमोर गात आणि वाद्यं चौकटीबाहेर लपवलेली असत. 1935 सालच्या 'धूप छाँव'पासून हिंदीत पार्श्वगायनाची पद्धत रुळू लागली. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर ते लाउडस्पीकरवर लावायचं आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. सगळं गाणं सलग लावत नाहीत. जेवढ्या ओळीचा शॉट, तेवढीच ओळ, तिच्याआधी थोडा सुरुवातीचा तुकडा देऊन.

आता संथ गती. पडद्यावर चित्र सेकंदाला 24 फ्रेमने धावतं. हालचाल निम्म्या गतीने दिसायला हवी असेल तर शॉट 48 फ्रेमने घेतात. पण मग ओठही निम्म्या गतीने हलतील आणि गाण्याच्या मागे पडतील. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि नट त्या घाईच्या गाण्यावर ओठ हलवतो. पडद्यावर ओठ गाण्याबरोबर येतात, पदर आणि केस मात्र तरंगत राहतात. आपल्याला तो प्रसंग स्वप्नासारखा वाटतो त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

चूक पकडायची असेल तर 'प', 'ब', 'म' या अक्षरांकडे बघा. तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. आवाज 'म' म्हणतोय आणि ओठ उघडे असतील तर मेळ चुकला. दुसरी जागा श्वासाची. गायिकेने लांब ओळीआधी श्वास घेतलेला ऐकू येतो. त्या क्षणी नटीचा गळा आणि छाती हलली नाही, तर ओठ जुळूनही ती गातेय असं वाटत नाही. म्हणून कसलेले नट सेटवर नुसते ओठ हलवत नाहीत, मोठ्याने गातात. बेसूर झालं तरी चालतं, ते ध्वनिमुद्रित होत नाही.

हल्ली गाणं पाठीमागे वाजतं आणि दोघं नुसते चालत असतात. ओठांवरच्या गाण्यापेक्षा हे जास्त खरं नाही का?

खरं-खोटं यापेक्षा फरक वेगळा आहे. ओठांवरचं गाणं पात्राचं असतं, ते समोरच्याला उद्देशून असतं आणि समोरच्याला ते ऐकावं लागतं. पार्श्वभूमीचं गाणं पात्राला जे म्हणताही येत नाही ते म्हणतं. निवड करायची ती यावरून.

'कागज के फूल' (1959) मध्ये 'वक़्त ने किया' हे गीता दत्त यांच्या आवाजातलं गाणं दोघांपैकी कुणाच्याही ओठांवर नाही. रिकामा स्टुडिओ, वरून तिरकी उतरणारी प्रकाशाची जाड शलाका, कथेतला सिनेमा-दिग्दर्शक आणि त्याची नायिका शांती अंतरावर उभे. तो संसारी माणूस आहे, दोघांनाही मर्यादा माहीत आहे. पारदर्शक आकृत्या त्यांच्या देहांतून बाहेर पडून उजेडात एकमेकांकडे जातात, देह मात्र जागेवरच राहतात. शांतीने हेच गाणं ओठांवर घेतलं असतं तर ती कबुली झाली असती, आणि कबुली न होणं हाच तर त्या प्रसंगाचा विषय आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचा प्रकाश आणि हा आवाज मिळून ते सांगतात.

चुकतं कुठे? पार्श्वभूमीचं गाणं जेव्हा दोन प्रसंगांमधली फट बुजवायला वापरलं जातं तेव्हा. दोघं गाडीवरून जातात, चहा पितात, हसतात, गाणं संपतं. वरची दोन वाक्यांची कसोटी इथेही लावा, उत्तर लगेच मिळेल.

आणि गाणं नसणंसुद्धा वापरता येतं. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (2016) अजय-अतुल यांची चारही गाणी गावातल्या भागात आहेत. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला पोचतात, तिथून पुढे एकही गाणं येत नाही. आधी शेतात, विहिरीवर ज्यांना एवढा मोठा वाद्यमेळ साथ देत होता, त्यांच्या वाट्याला आता झोपडपट्टीतली खोली, पत्र्याचा आवाज आणि भांडणं येतात. प्रेक्षकाला न सांगता कळतं की संरक्षण गेलं. शेवटी लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं तेव्हा तर आवाजच काढून घेतलेला आहे.